‘थीम्स उदयास येतील’ : गुणात्मक विश्लेषणाच्या आराखड्यातील एका वाक्याविषयी

कीटकशास्त्राच्या प्रयोगाचा आराखडा लिहिताना आपण किती काटेकोर असतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कामगंध सापळे हेक्टरी किती, ते कोणत्या उंचीवर, ल्यूर किती दिवसांनी बदलायची, पतंगांची मोजणी सकाळी कोणी करायची, हे सर्व त्यात येते. मात्र त्याच प्रकल्पात शेतकऱ्यांच्या मुलाखतींचा भाग असला, की आपली लेखणी एकाएकी सैल होते. मुलाखती कशा घ्यायच्या यावर दोन परिच्छेद लिहिले जातात आणि त्यांचे पुढे काय करायचे यावर जेमतेम तीन वाक्ये.

अलीकडे असाच एक आराखडा अभिप्रायासाठी माझ्याकडे आला. विषय महत्त्वाचा होता. उत्तर भारतातील कापूस पट्ट्यात, म्हणजे पंजाब, हरयाणा आणि राजस्थानच्या लगतच्या जिल्ह्यांत, गुलाबी बोंडअळीने गेल्या काही वर्षांत मूळ धरले आहे. २०२१ साली भटिंडा-मानसा भागात आणि २०२३ साली हनुमानगड-श्रीगंगानगर भागात तिने केलेले नुकसान आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. हंगाम संपल्यावर घराजवळ रचून ठेवलेल्या कापसाच्या वाळलेल्या काड्या हा तिच्या टिकाव धरण्याचा एक मोठा मार्ग. विदर्भात आपण ज्यांना पऱ्हाट्या म्हणतो, त्याच या काड्या. तिकडे त्यांना बनछटी किंवा छटियां म्हणतात. काड्यांवर राहिलेल्या न उमललेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत हिवाळा काढते आणि पुढील हंगामात त्या ढिगातूनच पतंग बाहेर पडतात. म्हणून शिफारस अशी की, काड्या जमिनीवर आपटून बोंडे झाडून टाकावीत, ढीग शेतापासून दूर ठेवावेत, झाकावेत आणि नव्या पेरणीपूर्वी संपवावेत. ही शिफारस फारशी पाळली जात नाही. ती का पाळली जात नाही, हे ३६ मुलाखतींतून समजून घ्यायचे, असा त्या गटाचा हेतू होता.

आराखड्यातील विश्लेषणाचा भाग मात्र असा होता : “मुलाखतींचे शब्दांकन करून एनव्हिवो सॉफ्टवेअरच्या साहाय्याने विश्लेषण केले जाईल. कोडिंगमधून थीम्स उदयास येतील. विश्वासार्हतेसाठी दोन संशोधक स्वतंत्रपणे कोडिंग करतील व मतभेद चर्चेने मिटवले जातील.”

या तीन वाक्यांत खोटे काही नाही. पण त्यांवरून कोणालाही काम करता येणार नाही. सॉफ्टवेअर मजकुराचे तुकडे जपून ठेवते, शोधून देते. कोणत्या तुकड्याला काय म्हणायचे हे ते ठरवीत नाही. थीम, म्हणजे आशयसूत्र, आपोआप उदयास येत नाही. कोणीतरी ते बांधते. आणि मतभेद ‘चर्चेने मिटले’ म्हणजे बहुधा ज्येष्ठाचे म्हणणे राहिले, हा सर्वांचाच अनुभव आहे. गटाच्या संमतीने, नाव न घेता, तो आराखडा आम्ही कसा नव्याने लिहिला ते येथे मांडतो. खाली दिलेली शेतकऱ्यांची वाक्ये व मोजणीचे आकडे पद्धत समजावी म्हणून मी नमुन्यादाखल रचलेले आहेत. ते अभ्यासाचे निष्कर्ष नव्हेत.

पहिला प्रश्न कोडिंगच्याही आधीचा आहे : कोड नेमका कशाला लावायचा? मुलाखती पंजाबी, बागडी आणि हिंदीत होणार. मूळ आराखड्यात ‘इंग्रजी अनुवादावर काम होईल’ एवढेच गृहीत होते. येथे अनुवादाच्या टप्प्यावरच माहिती गळते. त्या भागात ‘नरमा’ म्हणजे अमेरिकन कापूस आणि ‘कपास’ म्हणजे देशी कापूस. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला, की शेतकऱ्याने केलेला भेद पुसला जातो. ‘सुंडी’ या शब्दाचे तसेच. ‘गुलाबी सुंडी’ म्हणजे गुलाबी बोंडअळी हे स्पष्ट आहे. परंतु पन्नाशीचा शेतकरी नुसते ‘सुंडी’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बीटी कापूस येण्यापूर्वीची अमेरिकन सुंडी, म्हणजे आपली हिरवी बोंडअळी, असू शकते. ती पानाफुलांवर उघड दिसत असे आणि जमिनीत कोषावस्थेत जात असे. काड्यांच्या ढिगाशी तिचा संबंध नव्हता. “सुंडी काड्यांत राहत नाही” हे त्याचे विधान मग अज्ञान ठरत नाही, दुसऱ्या किडीविषयीचे बरोबर ज्ञान ठरते. अनुवादकाने सरसकट ‘गुलाबी बोंडअळी’ लिहून टाकले, तर पुढे कितीही कुशल कोडिंग केले तरी ही चूक हाती लागणार नाही.

म्हणून नव्या आराखड्यात असे लिहिले : “कोडिंग मूळ भाषेतील शब्दांकनावर होईल. अनुवाद फक्त अहवालात उद्धृत करावयाच्या उताऱ्यांचा होईल. नरमा, कपास, सुंडी, बनछटी हे शब्द अनुवादातही तसेच राहतील. सुंडी कोणती हे संदर्भावरून निश्चित होत नसेल, तर उताऱ्यावर ‘सुंडी : अनिर्दिष्ट’ अशी खूण केली जाईल आणि तो उतारा गुलाबी बोंडअळीविषयीचा पुरावा म्हणून वापरला जाणार नाही.” शेवटचे कलम लिहिताना मुलाखतकारांनाही सूचना गेली, की शेतकरी नुसते सुंडी म्हणाला तर ‘कोणती?’ असे तिथल्या तिथे विचारावे. विश्लेषणाचा आराखडा वेळेवर लिहिण्याचा हा फायदा अनेकदा दुर्लक्षित राहतो. त्यामुळे मुलाखतच सुधारते.

याच भागात एकक ठरवावे लागते. एका संशोधकाने एक ओळ हा तुकडा धरला आणि दुसऱ्याने अर्धे पान, तर पुढे दोघांच्या कोडिंगची तुलनाच होऊ शकत नाही. आम्ही ‘एका प्रश्नाला अनुसरून आलेले एक उत्तर’ हा तुकडा धरला. उत्तरात विषय बदलला तर तेथे नवा तुकडा. तुकडे पाडण्याचे काम एकच व्यक्ती आधी करील आणि मगच दोघे कोड लावतील, असे स्पष्ट लिहिले.

आता कोड. मूळ प्रस्तावाच्या परिशिष्टात बारा कोडची यादी होती : इंधन, साठवणूक, अज्ञान, मजूरटंचाई, शासकीय सल्ला वगैरे. प्रत्येकी एक शब्द, व्याख्या नाही. एक शब्द म्हणजे कोड नव्हे, जसे नुसते ‘तपकिरी पतंग’ म्हणजे जातीचे वर्णन नव्हे. जातीच्या वर्णनात ती जवळच्या जातीपासून वेगळी कशी ओळखायची हे असते. कोडच्या नोंदीतही तेच हवे. ‘इंधन’ या कोडची नवी नोंद अशी झाली : “इंधन म्हणून गरज. काड्या घरी चुलीसाठी किंवा जनावरांचे खाद्य शिजवण्यासाठी ठेवल्या आहेत, असे उत्तरात स्पष्ट असेल तेव्हा लावावा. काड्या विकण्यासाठी ठेवल्या असतील तर लावू नये. तेथे ‘काड्यांचे मोल’ हा कोड. काड्या ठेवल्या आहेत एवढेच म्हटले असून कारण दिलेले नसेल, तर दोन्ही लावू नयेत.” खाली एक लागू पडणारा आणि एक न लागू पडणारा नमुना उतारा.

‘अज्ञान’ हा कोड आम्ही काढूनच टाकला आणि याविषयी माझे मत ठाम आहे. कोड हे उत्तरात काय आहे त्याचे वर्णन असावे. अज्ञान हा निवाडा आहे आणि तो आपल्या शिफारशीच्या उंचीवरून दिलेला निवाडा आहे. आम्ही कीटकशास्त्रज्ञ मुलाखत वाचू लागलो, की शिफारशीशी न जुळणारे प्रत्येक वाक्य आम्हाला अज्ञान वाटते. त्याऐवजी ‘अळीचा मुक्काम कोठे असतो याविषयीचे म्हणणे’ असा कोड ठेवला आणि त्यात शेतकरी म्हणतो ती जागा नोंदवायची : शेत, माती, सरकीची गोण, काड्यांचा ढीग, जिनिंग मिल. बरोबर की चूक हे नंतर, विश्लेषणात पाहता येते. याच कारणासाठी दोन कोडिंगकारांपैकी एक कीटकशास्त्राबाहेरचा, शक्यतो विस्तारशिक्षण किंवा समाजशास्त्रातील असावा, असे कलम आराखड्यात घातले. दोन कीटकशास्त्रज्ञांचे एकमत कित्येकदा एकाच चष्म्यातून पाहिल्याचे एकमत असते.

कोडबुक कामादरम्यान बदलते. तसे ते बदललेच पाहिजे. आराखड्याने फक्त एवढे सांगायला हवे, की बदल झाल्यावर मागचे काय. आम्ही लिहिले : पहिल्या चार मुलाखती, तीन राज्यांतील पुरुष शेतकऱ्यांच्या तीन आणि एका महिलेची एक, दोघेही स्वतंत्रपणे कोड करतील, त्यांवरून कोडबुकाची पहिली आवृत्ती ठरेल. पुढे नवा कोड आला किंवा जुन्याची व्याख्या बदलली, तर आवृत्तीला नवा क्रमांक आणि तारीख द्यावी, बदलाचे कारण एका वाक्यात नोंदवावे आणि त्याआधी कोड झालेल्या सर्व मुलाखती त्या कोडपुरत्या पुन्हा वाचाव्यात. हे शेवटचे कलम कष्टाचे आहे. ते नसले तर तिसाव्या मुलाखतीत सुचलेला कोड पहिल्या एकोणतीस मुलाखतींत ‘आढळला नाही’ असा दिसतो. प्रत्यक्षात तो तेथे शोधलेलाच नसतो.

यापुढे परस्पर-पडताळणी. आपल्याकडे ती म्हणजे कॅपा काढणे, असे समीकरण झाले आहे. कोहेन यांनी १९६० साली मांडलेला हा निर्देशांक उपयुक्त आहे, पण तो काय सांगतो हे एका उदाहरणाने पाहू. समजा, पथदर्शी मुलाखतींचे १०० तुकडे दोघांनी ‘इंधन म्हणून गरज’ या कोडसाठी तपासले. दोघांनीही कोड लावला असे ८ तुकडे, दोघांनीही लावला नाही असे ८४, फक्त पहिल्याने लावला असे ५ आणि फक्त दुसऱ्याने लावला असे ३. एकमत ९२ टक्के! अहवालात हा आकडा शोभून दिसेल. परंतु बहुसंख्य तुकड्यांत इंधनाचा विषयच नाही. तेथे दोघांनीही कोड न लावणे यात विशेष काही नाही. पहिल्याने एकूण १३ आणि दुसऱ्याने ११ तुकड्यांना कोड लावला. एवढ्या प्रमाणात दोघांनी डोळे मिटून कोड लावले असते, तरी निव्वळ योगायोगाने सुमारे ७९ टक्के तुकड्यांवर एकमत झाले असते. हा योगायोग वजा करूनच कॅपा निघतो :

```
अपेक्षित = 0.13 × 0.11 + 0.87 × 0.89 = 0.7886
κ = (0.92 − 0.7886) / (1 − 0.7886) = 0.62
```

०.९२ वरून आपण ०.६२ वर आलो. लँडिस आणि कोच यांच्या १९७७ च्या प्रसिद्ध कोष्टकानुसार ०.६१ ते ०.८० ही ‘भरीव’ एकमताची पायरी, म्हणून पुष्कळ जण येथे थांबतील. त्या कोष्टकाच्या पायऱ्या स्वेच्छेने आखलेल्या आहेत, हे त्या दोघांनीच लिहून ठेवले आहे. आपण मात्र ती आर्थिक नुकसानीची पातळी असल्यासारखी वापरतो. माझ्या मते त्या आकड्यापेक्षा ते ८ तुकडे अधिक मोलाचे आहेत. ते समोर ठेवून वाचावेत. नमुन्यादाखल, पहिल्याने एकट्याने कोड लावलेल्या पाचांपैकी चार तुकडे “काड्या आहेत, लागतील कधीतरी” अशा धर्तीचे असतील. पहिल्याने ‘लागतील’ म्हणजे चुलीला लागतील असे धरले. दुसऱ्याने तसे धरले नाही. येथे चूक कोणाचीच नाही, व्याख्या अपुरी आहे. ‘कारण दिलेले नसेल तर लावू नये’ हे कलम याच कारणाने लिहावे लागले. दुसऱ्याने एकट्याने लावलेल्या तिनांत समजा गूळ करण्याच्या भट्टीचा उल्लेख निघाला. ते घरगुती इंधन धरायचे की नाही? हाही निर्णय व्याख्येतच हवा.

म्हणून आराखड्यात ‘मतभेद चर्चेने मिटवले जातील’ याऐवजी असे आले : “प्रत्येक मतभेदाची नोंद तीन रकान्यांत होईल : तुकडा, दोघांचे वाचन, आणि निर्णय. निर्णयाचे प्रकार तीन. नजरचूक असेल तर दुरुस्ती. व्याख्या अपुरी असेल तर कोडबुकाची नवी आवृत्ती. दोन्ही वाचने ग्राह्य असतील तर मतभेद तसाच ठेवून त्याची टीप आशयसूत्रांच्या टप्प्याला पाठवली जाईल. चर्चेनंतरचे एकमत हे पडताळणीचा आकडा म्हणून दाखवले जाणार नाही. दाखवलाच तर चर्चेपूर्वीचा आकडा, कोडनिहाय.” पथदर्शी चार मुलाखतींनंतर आणखी सहा मुलाखती दुहेरी कोड करायच्या, मात्र सहाही सुरुवातीला नकोत. दोन सुरुवातीला, दोन मध्यावर, दोन अखेरीस, कारण कोडिंग करणाऱ्याचा हात काळानुसार सरकतो. पंचविसाव्या मुलाखतीला तो थकलेला असतो आणि काय सापडणार याचा त्याने मनाशी अंदाजही बांधलेला असतो. उरलेल्या २६ मुलाखती एकच व्यक्ती कोड करील. हेही स्पष्ट लिहिले. ‘दोन संशोधक कोडिंग करतील’ या वाक्यावरून वाचकाचा समज सर्व ३६ मुलाखती दोघांनी केल्या असा होतो.

येथे एका विसंगतीविषयी थोडे विषयांतर करतो. बहुतेक आराखड्यांत ब्राउन आणि क्लार्क यांच्या २००६ च्या लेखाचा हवाला असतो आणि लगेच पुढच्या ओळीत कॅपाचे वचन असते. या दोघींनी नंतर आपल्या पद्धतीला आत्मपरीक्षणात्मक असे स्वतंत्र नाव दिले आणि तिच्यात संशोधकाची दृष्टी हे साधन आहे, म्हणून कोडिंगकारांच्या एकमताचे मोजमाप तिच्याशी जुळत नाही, हे वारंवार स्पष्ट केले. ‘थीम्स उदयास येतात’ या शब्दप्रयोगावरही त्यांनी नेमकी टीका केली आहे. त्यांचाच हवाला देऊन तेच वाक्य लिहिणे शोभत नाही. एक तर त्यांची पद्धत घ्यावी आणि दुसऱ्या संशोधकाला मजकुराचे वेगळे वाचन पुढे आणणारा सहकारी मानावे. किंवा ठरीव कोडबुकाची पद्धत घेऊन एकमत मोजावे. आमच्या गटाने दुसरी वाट धरली. तीन राज्यांत विखुरलेला चमू, ठरलेला प्रश्न आणि शेवटी विस्तार यंत्रणेला द्यायचा सल्ला, अशा कामासाठी १९८० च्या दशकात ब्रिटनमधील सामाजिक धोरण-संशोधनात घडलेली चौकट पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यात एक तक्ता असतो : आडव्या ओळीत एक मुलाखत, उभ्या रकान्यात एक कोड आणि प्रत्येक चौकोनात त्या मुलाखतीत त्या कोडखाली काय आले त्याचा दोन ओळींचा सारांश, पान क्रमांकासह. कृषिसंशोधकाच्या डोळ्याला हा तक्ता परका वाटत नाही, हाही त्याचा एक गुण.

आशयसूत्रे या तक्त्यातून बांधायची. कशी, हे लिहिणे सर्वांत अवघड आणि म्हणून बहुधा टाळले जाणारे काम. पहिला खुलासा असा, की विषय आणि आशयसूत्र एक नव्हे. ‘काड्यांची साठवणूक’ हा विषय आहे. त्याखाली सर्व उतारे एकत्र केले तरी काहीच सांगितले जात नाही. आशयसूत्र हे विधान असते. ते खोटे ठरू शकले पाहिजे. आम्ही आराखड्यात नियमच केला, की प्रत्येक संभाव्य आशयसूत्र क्रियापदासह पूर्ण वाक्यात लिहावे.

एक नमुना घेऊ. तक्त्यात ‘अळीचा मुक्काम’ आणि ‘ढिगाची जबाबदारी कोणाची’ हे दोन रकाने शेजारी ठेवले. समजा असे दिसले, की अनेक पुरुष शेतकरी अळीविषयी बोलताना शेत, फवारणी, बियाणे यांविषयी बोलतात आणि ढिगाचा विषय निघाला की “ते घरचे काम” म्हणतात. यावरून एक संभाव्य आशयसूत्र लिहिता येईल : ‘शेतकऱ्यांच्या दृष्टीने अळी शेतातली असते, अंगणातला ढीग हा कीडनियंत्रणाचा भागच नसतो.’ हे विधान आकर्षक आहे. आकर्षक वाटले की थांबून त्याच्याविरुद्ध पुरावा शोधायचा, हा पुढचा लिखित टप्पा. सर्व ३६ ओळी पुन्हा वाचून प्रत्येकीपुढे एक खूण करायची : विधानाला आधार, विरोध, किंवा विषयच नाही. ‘विषयच नाही’ याला आधार समजू नये.

आता समजा विरोधाच्या खुणा नऊ निघाल्या आणि त्या वाचताना लक्षात आले, की या नऊ जणांना ढिगातून पतंग निघतात हे पक्के ठाऊक आहे. तरीही ते काड्या ठेवतात, कारण पावसाळ्यापर्यंत चुलीला दुसरे काही नाही, किंवा ढीग गावाबाहेर हलवायला जागा नाही. मग पहिले आशयसूत्र सर्वांना लागू नाही. ते दोन भागांत फुटते. एका गटात ढीग किडीच्या नकाशावरच नाही. दुसऱ्या गटात तो नकाशावर आहे, पण हात बांधलेले आहेत. या फुटण्यावर पुढचा सल्ला अवलंबून आहे. पहिल्या गटाला ढिगाशेजारी सापळा लावून त्यात सापडणारे पतंग दाखवणे उपयोगी पडेल. दुसऱ्या गटाला तोच कार्यक्रम दाखवणे म्हणजे त्याला माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकवणे. त्याला बोंडे झाडून घेण्यासाठी मजुरी, झाकायला जाळी किंवा सामायिक जागा हवी. मूळ बारा कोडच्या यादीने दोन्ही गट ‘साठवणूक’ आणि ‘अज्ञान’ या दोन शब्दांत बुडवले असते आणि अहवालाच्या शेवटी ‘जनजागृतीची गरज आहे’ ही शिफारस छापली गेली असती.

या ठिकाणी संख्येचा मोह टाळावा. ३६ पैकी नऊ म्हणजे २५ टक्के शेतकरी, असे लिहू नये. मुलाखती निवडताना विविधता साधलेली असते, प्रमाण नव्हे. किती मुलाखतींत आधार आणि किती मुलाखतींत विरोध हे आतल्या नोंदीत जरूर असावे, म्हणजे एका बोलक्या शेतकऱ्याच्या सहा उताऱ्यांवर आशयसूत्र उभे राहिले नाही ना, हे तपासता येते. अहवालात टक्केवारी आली, की वाचक तिला सर्वेक्षण समजतो.

आशयसूत्रांचीही पडताळणी हवी. आपण ती कोडवरच थांबवतो. नव्या आराखड्यात कोडिंगमध्ये सहभागी नसलेल्या तिसऱ्या सहकाऱ्याला आशयसूत्रांची वाक्ये आणि यादृच्छिक निवडलेल्या पाच मुलाखतींची पूर्ण शब्दांकने द्यायची, तक्ता द्यायचा नाही. त्या मुलाखती वाचून त्याने सांगायचे, की कोणते विधान लागू पडते, कोणते ताणलेले वाटते आणि मुलाखतीत ठळक असलेले काय विधानांत आलेलेच नाही. शेवटचा प्रश्न सर्वांत फलदायी. महिलांच्या मुलाखतींत ढिगाखालील साप-विंचवांचा उल्लेख वारंवार असेल आणि आपल्या आशयसूत्रांत तो नसेल, तर तो आपण किडीच्या मागे असल्याने सोडला, हे तिसऱ्यालाच दिसते. आणि सापाच्या भीतीने ढीग दूर हलवायला तयार असलेले घर हे विस्तार कार्यकर्त्यासाठी बोंडअळीच्या पत्रकापेक्षा सोपे दार असू शकते.

शेतकऱ्यांकडे निष्कर्ष परत नेऊन त्यांची संमती घेणे, ही पडताळणी मूळ आराखड्यात नव्हती आणि मीही ती सक्तीची केली नाही. मुलाखत देताना ज्याने विद्यापीठाच्या माणसासमोर ‘योग्य’ उत्तर दिले, तो निष्कर्ष ऐकतानाही मान डोलावतो. गावात बैठक घेऊन बोलणे चांगलेच. त्यातून निघालेले म्हणणे नवी माहिती म्हणून नोंदवावे, शिक्कामोर्तब म्हणून नव्हे.

राहता राहिला वेळ. मूळ आराखड्यात विश्लेषणाला १५ दिवस दिलेले होते. मुलाखत सरासरी पाऊण तासाची धरली, तर ३६ मुलाखतींचे बोलणे २७ तासांचे. एका तासाच्या बोलण्याच्या शब्दांकनास चार ते सहा तास लागतात. पाच धरले तरी १३५ तास झाले. एका मुलाखतीच्या कोडिंगला तीन तास धरले तर १०८ तास, आणि दुहेरी कोडिंगच्या दहा मुलाखतींचे आणखी ३०. हे २७३ तास झाले, आणि यात कोडबुक बदलल्यावरचे पुनर्वाचन, तक्ता भरणे, आशयसूत्रांची तपासणी काहीच धरलेले नाही. दिवसाला सहा तास, तेही दुसरे काम न करता, असे धरले तरी एका माणसाचे ४५ दिवस. गटाने आता विश्लेषणासाठी साडेतीन महिने आणि शब्दांकनासाठी पंजाबी व बागडी जाणणारे दोन साहाय्यक मागितले आहेत. अर्थसंकल्पात त्यांच्या मानधनाची ओळ प्रयोगशाळेच्या रसायनांच्या ओळीखालीच, तेवढ्याच अक्षरांत घातली आहे.